केळीत नवे असाल तर: जाणकार शेतकरी कसा निवडावा, त्याच्याकडे कसं जावं आणि ती ओळख वर्षानुवर्षं कामाची कशी ठेवावी

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात कपाशी-मका सोडून पहिल्यांदा केळी लावणाऱ्याला सल्ला मागावा लागत नाही, तो आपोआप मिळतो. कृषी केंद्रवाला सांगतो, रोपं विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी सांगतो, व्यापारी सांगतो, शेजारीही सांगतो. अडचण अशी की हे चौघंही तुमच्या शेतात एकेकदाच येतात. केळीचा एक फेरा टिश्यूकल्चर रोपापासून कापणीपर्यंत साधारण अकरा-बारा महिन्यांचा, आणि त्याच झाडाच्या पिलापासून दुसरं पीक, म्हणजे पिलबाग, धरली तर आणखी आठ-दहा महिन्यांचा. एवढ्या काळात तुमचं एकच शेत पुन्हा पुन्हा पाहणारा, मागच्या वेळी काय झालं ते लक्षात ठेवणारा एक माणूस लागतो. तो कसा शोधायचा, त्याच्याशी कसं बोलायचं आणि तीन-चार वर्षं दोघांनाही उपयोग होईल असं कसं वागायचं, ते इथे क्रमाने मांडलं आहे.

आधी स्वतःचा कागद तयार करा

माणूस शोधायला निघण्याआधी आपल्या शेताबद्दल पाच गोष्टी लिहून काढा. जमीन काळी भारी आहे की सातपुड्याच्या पायथ्याची बरड. ट्यूबवेलचं पाणी ताशी किती, हिवाळ्यात किती आणि मेमध्ये किती. तीन फेज वीज किती तास. घरचे काम करणारे हात किती, सालदार आहे का. आणि पहिला घड विकला जाईपर्यंत खर्च करायला हातात किती पैसे आहेत.

यात पाणी सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते अंदाजाने लिहू नका. दोनशे लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. ड्रम 90 सेकंदांत भरला तर ट्यूबवेल ताशी 8,000 लिटर देते. 120 सेकंद लागले तर ताशी 6,000. पंप सुरू केल्या केल्या मोजू नका. तासभर चालल्यावर मोजा, कारण सुरुवातीला साठलेलं पाणी येतं आणि आकडा फुगतो.

हा कागद सोबत असेल तर अनुभवी माणूस पहिल्या दहा मिनिटांत कामाचं बोलायला लागतो. कागद नसेल तर गप्पा भाव आणि पावसावरच संपतात.

कोण निवडावा

नवखा माणूस बहुतेक वेळा गावातल्या सगळ्यात मोठ्या बागायतदाराकडे जातो. पन्नास एकर केळी, परदेशी माल पाठवणारा, स्वतःचं पॅकिंग. त्याचं ज्ञान खरं असतं, पण त्याची गणितं तुमच्या कामाची नसतात. त्याच्याकडे तीन ट्यूबवेली असतात, एक बंद पडली तरी बाग वाळत नाही. मजुरांची टोळी त्याच्याकडे आधी जाते. तुमच्या दीड-दोन एकरांत नेमकं जे अडतं, ते त्याला कित्येक वर्षांत अडलेलंच नसतं.

आमच्या मते योग्य माणूस म्हणजे तुमच्यापेक्षा दोन-तीन फेरे पुढे असलेला, तुमच्यासारखीच जमीन आणि तुमच्यासारखंच पाणी असलेला. त्याने किमान एक मृगबाग आणि एक कांदेबाग स्वतः काढलेली असावी. जून-जुलैत लावलेल्या बागेचे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेल्या बागेचे त्रास वेगवेगळे असतात. ज्याने एकच हंगाम पाहिला आहे, तो त्याच हंगामाचा नियम दुसऱ्याला लावतो. शेत फार लांबही नको. दुचाकीवर अर्ध्या तासाच्या आत असेल तर भेट होते, त्यापलीकडे फक्त फोन होतो.

एक कसोटी सहसा चुकत नाही. त्याला विचारा, "तुमची कोणती बाग बिघडली आणि का बिघडली?" ज्याच्याकडे तारीख, रोपाचं वय आणि कारण यांसह उत्तर आहे, तो शिकवू शकतो. "आपली कधी बिघडतच नाही" किंवा "नशीब खराब होतं" असं म्हणणारा चांगला शेतकरी असेलही, पण त्याला आपण काय करतो ते उलगडून सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट उघड बोलून घ्यावी लागते. तो रोपं, खतं किंवा औषधं विकतो का? व्यापाऱ्याचा माल गोळा करून देतो का? विकत असेल तर तो वाईट ठरत नाही, पण कोणत्या सल्ल्यात त्याचा फायदा आहे ते तुम्हाला ठाऊक असावं. अशा माणसाला लागवड आणि पाण्याबद्दल विचारा, आणि फवारणीसाठी दुसरं मत घ्या. रोग ओळखायला आणि मातीचा अहवाल समजून घ्यायला जळगावचं केळी संशोधन केंद्र आणि पालचं कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथले शास्त्रज्ञ जाणकार शेतकऱ्याची जागा घेत नाहीत, आणि शेतकरी त्यांची घेत नाही. पानावरचा ठिपका कोणत्या बुरशीचा हे तिथे कळतं. "या आठवड्यात मजूर मिळणार नाहीत, म्हणून पिलं आत्ताच कापून घे" हे शेजारच्या गावचा आप्पाच सांगू शकतो.

दोन-तीन नावं काढा. गावच्या फ्रूट सेल सोसायटीत, ठिबक बसवणाऱ्या कारागिराकडे आणि कापणीच्या टोळीच्या मुकादमाकडे चौकशी करा. मुकादम शेकडो बागा आतून पाहतो. कुणाचा घड सारखा भरतो आणि कुणाच्या बागेत निम्मी झाडं मागे राहतात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

कधी आणि कसं जावं

जूनमध्ये लागवड करायची असेल तर जानेवारीत जा. टिश्यूकल्चर रोपांची नोंदणी काही महिने आधी करावी लागते, म्हणून मेमध्ये भेटलात तर क्षेत्राचा निर्णय झालेला असतो आणि सल्ल्याला काही अर्थ उरत नाही. जानेवारीत जाण्याचं दुसरं कारण थंडी. पारा दहा-बारा अंशांच्या खाली उतरला की केळीची वाढ थबकते, पानांवर चरका दिसतो, निसवण म्हणजे घड बाहेर पडणं अडकतं. त्या दिवसांत ज्याची बाग तुम्ही पाहता, त्याची खरी तयारी दिसते. मग मेमध्ये पुन्हा जा. पारा 44-45 वर असताना पश्चिमेकडून येणाऱ्या गरम वाऱ्याला त्याने काय आडोसा केला आहे, शेवरी लावली आहे की गजराज गवत की हिरवी जाळी, ते पाहा.

पहिला फोन ओळखीतून करा आणि छोटा ठेवा. असं बोललं तरी पुरे: "आप्पा, नमस्कार. मी अमक्या गावचा, अमक्यांचा मुलगा. मुकादमांनी तुमचं नाव सांगितलं. जूनमध्ये पहिल्यांदाच केळी लावतोय. क्षेत्र किती धरावं एवढंच विचारायचंय, पाण्याचं मोजमाप करून आणलंय. तुम्हाला सवड असेल त्या दिवशी अर्धा तास बागेत येऊ का?" यात माणसाला तीन गोष्टी कळतात: प्रश्न एकच आहे, वेळ ठरलेला आहे आणि तुम्ही काहीतरी करून आला आहात. "मला केळीचं सगळं शिकवा" असं म्हटलं की समोरचा "ये ना कधीही" म्हणतो, आणि तो कधीही येत नाही.

कापणीच्या दिवशी जाऊ नका. गाडी भरत असते, वजनावरून व्यापाऱ्याशी बोलणं चालू असतं आणि त्या वेळी परका माणूस बागेत नको असतो. आदल्या दिवशी फोन करून सकाळी पाणी फिरवण्याच्या वेळी गेलेलं बरं. दुसऱ्याच्या बागेत शिरण्याआधी चपला-बुटांची माती धुऊन जा. मर रोगाची बुरशी मातीसोबत एका शेतातून दुसऱ्यात जाते. हे न सांगता करणारा माणूस जाणकार शेतकऱ्याच्या लगेच नजरेत भरतो. आपला विळाही सोबत नेऊ नका.

पहिली भेट: एक प्रश्न शेवटपर्यंत नेणं

समजा, तुमच्याकडे तीन एकर आहेत आणि तिन्ही एकर केळी लावायचा विचार आहे. जानेवारीत ड्रम 90 सेकंदांत भरला, म्हणजे ताशी 8,000 लिटर. वीज आठ तास. दिवसाला 64,000 लिटर. कागदावर हे भरपूर वाटतं.

जाणकार माणूस इथून पुढे गणित करतो. सहा बाय पाच फुटांवर एकरी 1,452 झाडं बसतात. भर उन्हाळ्यात वाढलेल्या झाडाला दिवसाला साधारण 20 ते 25 लिटर पाणी लागतं. बावीस लिटर धरले तर एकरी 32,000 लिटर. म्हणजे जानेवारीच्या पाण्यावर दोन एकर जेमतेम भागतात, तीन नाहीतच. मग तो विचारतो, "मेमध्ये ड्रमला किती लागतात?" तुम्हाला माहीत नसतं. त्याची स्वतःची ट्यूबवेल उन्हाळ्यात पाव भागाने उतरते, म्हणून तो तुमचीही तशीच धरतो: ताशी 6,000, आठ तासांत 48,000 लिटर. हे दीड एकराचं पाणी झालं, 2,178 झाडांचं. सल्ला असा ठरतो की रोपांची नोंदणी दीड एकराची करा, उरलेल्या दीड एकरात नेहमीचं पीक घ्या, आणि मेमध्ये ड्रम पुन्हा मोजा.

तुम्ही दीड एकराचीच नोंदणी केलीत, तर मे महिन्यात त्याला कळवा: "आप्पा, आज मोजलं, 115 सेकंद." हा एक निरोप पुढच्या सगळ्या भेटींचा पाया होतो. आपल्या अंदाजाचं काय झालं हे सल्ला देणाऱ्याला एरवी कधीच कळत नाही. लोक विचारतात, निघून जातात, आणि वर्षभराने नव्या अडचणीसह परत येतात. आकडा परत आणून देणारा माणूस त्याच्या लक्षात राहतो, आणि पुढच्या वेळी तो स्वतःहून जास्त बोलतो.

आणि तुम्ही त्याचं न ऐकता तीन एकर लावलेत तर? तेही सांगा, लागवडीच्या आधी, कारणासह. न सांगता केलेली गोष्ट त्याला रस्त्यावरून जाताना दिसतेच. खान्देशात शेत लपत नाही.

फोटो पाठवण्याची रीत

पहिल्या वर्षात नातं सगळ्यात जास्त बिघडतं ते व्हॉट्सॲपवर. रात्री साडेदहाला पिवळ्या पानाचा एक फोटो आणि खाली "आप्पा, हे काय झालं?" या फोटोवरून कुणालाच काही सांगता येत नाही. मग तो अंदाजाने एक औषध सांगतो, ते लागू पडत नाही, आणि दोघांचाही एकमेकांवरचा विश्वास कमी होतो.

फोटोसोबत पान कितवं आहे ते लिहा, कारण अर्धं निदान त्यातच असतं. खालच्या जुन्या पानाच्या कडा पिवळ्या होऊन आतल्या बाजूला वाळत येत असतील तर पालाश कमी पडत असण्याची शक्यता मोठी. खालच्या पानांवर लांबट तपकिरी ठिपके वाढत जाऊन एकत्र होत असतील तर करपा. पण वरच्या कोवळ्या पानावर फिकट पिवळ्या रेघा दिसत असतील, पान अरुंद होऊन पिळत असेल, पोंगा सडत असेल, तर तो विषाणूचा हरण्या रोग असू शकतो. तिथे कोणतीही फवारणी झाड बरं करत नाही. झाड उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करावं लागतं आणि मावा आवरावा लागतो. हरण्याचा संशय असेल तर रात्रीही फोन करायला हरकत नाही. करप्यासाठी सकाळपर्यंत थांबता येतं.

म्हणून निरोप असा हवा: "लागवड 18 जून, आज 52 दिवस. कोवळं पान, तिसऱ्या ओळीत चार झाडं, बाकी ठीक. ठिबक रोज दोन तास. शेवटचं खत पाच दिवसांपूर्वी, युरिया. बांधापलीकडे शेजाऱ्याची काकडी आहे." शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे, कारण काकडीवर्गीय पिकांवर हाच विषाणू असतो आणि मावा तो केळीवर आणतो. वाचणाऱ्याला यावर काही विचारावं लागत नाही, तो थेट "चारही उपट, आजच" असं लिहितो.

फोन किती करावेत? पहिल्या फेऱ्यात ठरलेल्या टप्प्यांवर भेटा: लागवडीआधी, दीड महिन्यानंतर, पाचव्या महिन्यात, निसवण सुरू झाल्यावर आणि कापणीच्या पंधरा दिवस आधी. या पाच भेटी आणि मधली खरी संकटं एवढं पुरेसं आहे. निसवणीच्या भेटीत त्याला बागेत आणाच. पिलबाग धरायची तर कोणतं पिल ठेवायचं, किती जोमाचं, झाडाच्या कोणत्या बाजूचं, हे फोनवर शिकता येत नाही.

त्याला काय मिळतं

मिठाईचा डबा नको असतो असं नाही, पण त्यावर वर्षं निघत नाहीत. अनुभवी शेतकऱ्याला जे कमी पडतं ते तुमच्याकडे बहुधा असतं. ई-पीक पाहणी, फळपीक विम्याचे कागद आणि वेळेत करायच्या नोंदी मोबाइलवर करून देणं हे खरं काम आहे. तरुण हातांना त्यात अर्धा तास जातो, त्याचा अख्खा दिवस वाचतो. त्याच्या कापणीच्या दिवशी वजनकाट्याजवळ बसून नोंद ठेवणारा एक भरवशाचा माणूस त्याला लागतो. तिथे तुम्हालाही शिकायला मिळतं: दांड्याचं वजन कसं वजा होतं, कोणता घड बाजूला काढला जातो आणि का.

पण तिथे पाहिलेलं तिथेच ठेवा. त्याची पट्टी, त्याला मिळालेला भाव, कोणत्या व्यापाऱ्याकडे त्याची उधारी अडकली आहे, यातलं एक अक्षर चावडीवर जाता कामा नये. भाव पाडण्यासाठी व्यापारी एका शेतकऱ्याचा भाव दुसऱ्याला सांगतो, आणि ती साखळी तुमच्यापर्यंत पोहोचली असं त्याला वाटलं तर बोलणं त्याच दिवशी थांबतं. तसंच, त्याच्या ठरलेल्या टोळीला जास्त मजुरी देऊन आपल्याकडे ओढू नका.

त्याच्याकडून उसने पैसे घेणंही टाळा. एकदा पैसा मधे आला की वाईट बातमी सांगणं दोघांनाही जड जातं, आणि बागेची वाईट बातमी लवकर सांगता येणं यासाठीच तर हा माणूस हवा. तो पैसे घेऊन सल्ला देणारा असेल तर एकरी की फेऱ्याला, किती भेटी, कधी द्यायचे, हे लागवडीआधीच ठरवून वहीत लिहा.

दुसरं आणि तिसरं वर्ष

पिलबागेत गेल्यावर प्रश्न बदलतात. आता "काय करू" असं विचारत राहिलात तर तो कंटाळतो, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या वर्षी आधी स्वतः ठरवा आणि मग तपासून घ्या: "मी खताचे हप्ते असे बसवलेत, शिफारस झाडाला 200 ग्रॅम नत्र, 40 स्फुरद, 200 पालाश अशी आहे. मातीच्या अहवालात पालाश भरपूर आलंय म्हणून तिथे कमी करतोय. काय चुकतंय?" उत्तर द्यायला त्याला दोन मिनिटं लागतात, आणि तुमची विचार करण्याची पद्धतही त्याला दिसते.

मतभेद होणारच. समजा, तो घडावर सगळ्या फण्या ठेवतो आणि तुम्हाला वाटतं की खालच्या काढून आठच ठेवाव्यात, म्हणजे उरलेली केळी जाड आणि सारखी भरतील. वाद घालू नका, वीस झाडं बांधून घ्या. एकाच ओळीतली, एकाच आठवड्यात निसवलेली. दहावर आठ फण्या, दहावर सगळ्या. कापणीला दोन्हींचं वजन आणि मिळालेला भाव वेगवेगळा लिहा. वजन कमी आणि भाव जास्त असं निघालं तर गुणाकार करून पाहा, कारण स्थानिक बाजारासाठी उत्तर एक येऊ शकतं आणि परदेशी मालासाठी दुसरं. तो कागद त्याच्याकडे न्या. त्याला स्वतःच्या बागेत असा प्रयोग करायला सवड नसते. तुमचं छोटं शेत इथे त्याच्या उपयोगाला येतं.

वर्षातून एकदा नीट बसा. आखाजीच्या सुमारास सालदारांचे हिशेब होतात, त्याच आठवड्यात हे उरकणं सोपं पडतं. हिवाळ्यात भरिताच्या निमित्ताने शेतात जमणं होतं, पण तिथे दहा जण असतात आणि आकडे बोलता येत नाहीत. आखाजीला दोघांनीच तासभर बसावं. तीन गोष्टी मांडा: त्याने दिलेले कोणते सल्ले पाळले, त्यांचं काय झालं, आणि पुढच्या वर्षी कशासाठी त्याची गरज आहे. शेवटी त्याला विचारा, "माझा कशाचा त्रास होतो?" पहिल्यांदा तो "काही नाही" म्हणेल. फोनची वेळ, अचानक येणं, निरोपाला उत्तर न देणं, अशी उदाहरणं तुम्हीच काढलीत तर बोलेल.

नातं सैल पडतंय हे काही खुणांवरून कळतं. तो प्रत्येक प्रश्नाला "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणू लागतो. किंवा तुम्ही फक्त संकटातच फोन करता. किंवा त्याचा सल्ला तीन वेळा घेऊन तीनही वेळा वेगळंच केलं आहे. पहिल्या दोन्हींवर समोरासमोर भेट हा इलाज आहे. तिसऱ्या बाबतीत त्याची पद्धत तुमच्या शेताला जुळत नाही असं समजा, सल्ला मागणं थांबवा, पण येणंजाणं ठेवा. त्याने केळी सोडून दुसरं पीक धरलं किंवा शेती मुलाकडे गेली, तरी हेच. मुलगा आपोआप तुमचा मार्गदर्शक होत नाही. त्याच्याशी ओळख नव्याने करावी लागते.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी गावातला आणखी कुणी नवखा तुमच्याकडे येतो आणि आप्पांचा नंबर मागतो. तो लगेच देऊ नका. आधी आप्पांना फोन करून विचारा, आणि त्या नवख्याला सांगा की जाण्याआधी ड्रम मोजून घे.